अपिलाचे साठ दिवस आणि तुरुंगातलं टेबल

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एम. एच. होसकोट यांची शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. होसकोट सौराष्ट्र विद्यापीठात रीडर होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापण्यासाठी मुंबईच्या एका ब्लॉकमेकरकडे शिक्का करायला टाकल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांनी शिक्षा भोगली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तोवर चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. कागदोपत्री तर उच्च न्यायालयाने ती तुरुंग अधीक्षकांकडे पाठवलेली होती. पण ती कैद्याच्या हाती पडल्याची त्याच्या सहीची पोच कुठेच नव्हती.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने होसकोटांची याचिका फेटाळली. त्या एका न मिळालेल्या पोचेवरून मात्र देशभरच्या कैद्यांसाठी नियम झाला. तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत फुकट आणि ताबडतोब द्यायची. ती तुरुंगामार्फत आली तर अधिकाऱ्याने कैद्याला देऊन लेखी पोच घ्यायची. अपिलासाठी लागणारी सोय तुरुंगाने करायची, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने द्यायचा.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण शिक्षा झालेल्या माणसाचं अपील बहुतेक वेळा कायद्याच्या बारकाव्यावर अडत नाही. ते कागदाच्या प्रवासात अडतं. निकाल न्यायालयातून बराकीत, बराकीतून विधी सेवा प्राधिकरणात आणि तिथून वकिलाच्या टेबलावर पोचेपर्यंत मुदत टळून जाते. तुरुंगातलं विधी साहाय्य केंद्र, म्हणजे लीगल एड क्लिनिक, हा प्रवास वेळेत व्हावा म्हणून असतं. बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहात तुमचा कोणी असेल, तर या केंद्राकडून काय मिळतं, ते कसं मागायचं आणि गाडी कुठे अडते, हे पुढे सांगतो आहे. तुरुंग हिंडलग्याचा असो की कळंब्याचा, मूळ पद्धत हीच.

केंद्रात कोण बसतं

केंद्र म्हणजे तुरुंगातली एक खोली किंवा नुसतं एक टेबल. तिथे तीन प्रकारची माणसं भेटतात. पहिला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला आणि ठरलेल्या दिवशी येणारा वकील. दुसरा, बाहेरून येणारा प्रशिक्षित विधी स्वयंसेवक, ज्याला सगळे पीएलव्ही म्हणतात. तिसरा सगळ्यात उपयोगाचा, आणि त्याच्याबद्दल बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. तो स्वतःच कैदी असतो. लांब मुदतीची शिक्षा भोगणाऱ्या, शिकलेल्या आणि चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत प्रशिक्षण देऊन पीएलव्ही करता येतं.

वकील ठरलेल्या वारीच येतो, हा कैदी स्वयंसेवक मात्र चोवीस तास आत असतो. नवा माणूस शिक्षा लागून आला की पहिल्याच संध्याकाळी तो त्याला गाठू शकतो. निकालाची प्रत मिळाली का, अपील करायचं आहे का, घरच्यांनी वकील लावला आहे का, हे तीन प्रश्न त्याने विचारले आणि उत्तरं नोंदवहीत लिहिली, की निम्मं काम झालं.

त्याच्या कामाची हद्दही माहीत असू द्या. पीएलव्ही वकील नसतो. तो अर्ज लिहून देतो, कागद गोळा करतो, पाठपुरावा करतो. अपिलात कोणते मुद्दे घ्यायचे हे त्याने ठरवायचं नाही, आणि न्यायालयात तो उभाही राहू शकत नाही.

पैशाचं म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. घरी दोन एकर ऊस आहे किंवा भाऊ नोकरीला आहे, म्हणून अर्ज नाकारता येत नाही. नकला, टंकन आणि भाषांतर यांचा खर्चही यातच येतो.

मुदत कशी मोजायची

मजकूर नीट कळावा म्हणून एक उदाहरण घेऊ. नाव आणि खटला दोन्ही समजावण्यापुरते आहेत. जत तालुक्यातला संतोष बेंगळुरूतल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करायचा. चौघांत एक खोली होती. एका रात्री भांडण झालं, खोलीतला एक जण जिन्यावरून पडला आणि डोक्याला मार लागून गेला. पोलिसांनी खुनाचा गुन्हा लावला. संतोषला जामीन मिळाला नाही आणि खटला चालला तोवर दोन वर्षं पाच महिने तो परप्पन अग्रहारातच होता. बेंगळुरूच्या शहर दिवाणी व सत्र न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. खून सिद्ध होत नाही, पण सदोष मनुष्यवध होतो, म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली सात वर्षं सक्तमजुरी आणि पंचवीस हजार दंड.

शिक्षा सत्र न्यायालयाने दिली, म्हणून अपील उच्च न्यायालयात. त्याची मुदत साठ दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही. १५ जुलैपासून मोजलं तर जुलैचे सतरा, ऑगस्टचे एकतीस आणि सप्टेंबरचे बारा. म्हणजे शेवटचा दिवस १२ सप्टेंबर. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला असेल, तर ती तयार होईपर्यंतचे दिवस कायद्याने वगळले जातात. संतोषने १६ जुलैला अर्ज केला आणि प्रत २८ जुलैला तयार झाली, तर तेरा दिवस वाढून मुदत २५ सप्टेंबरपर्यंत जाते. पण हे तेरा दिवस अडीअडचणीसाठी राखून ठेवा. काम १२ सप्टेंबर हीच तारीख धरून करा.

हीच शिक्षा दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयाने दिली असती, तर अपील सत्र न्यायालयात आणि मुदत फक्त तीस दिवस. फाशीच्या शिक्षेतही उच्च न्यायालयात अपिलाला तीसच दिवस असतात. उच्च न्यायालयात हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करायची तर साधारणपणे नव्वद. कर्नाटक उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ बेंगळुरूला आहे, खंडपीठं धारवाड आणि कलबुर्गीला. बेळगावच्या न्यायालयाचा निकाल असेल तर अपील धारवाडला जातं, कैदी पुढे बेंगळुरूला हलवला गेला असला तरी. सीमाभागातल्या घरांचा इथे हमखास घोटाळा होतो आणि कागद चुकीच्या शहरात फिरत राहतात.

मुदत टळलीच, तर अपील संपलं असं नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि कारण पटलं तर न्यायालय अपील दाखल करून घेतं. मात्र ‘गरिबीमुळे उशीर झाला’ एवढं लिहून भागत नाही. प्रत कधी मिळाली, केंद्रात अर्ज कधी दिला, तुरुंग कधी बदलला, हे तारखांसकट दाखवावं लागतं. म्हणून दिलेल्या प्रत्येक कागदावर केंद्राचा किंवा तुरुंग कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्या आणि त्याची एक प्रत कैद्याजवळ ठेवा.

पहिला कागद: निकालाची प्रत

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकाल सांगितल्यावर लगेच त्याची प्रत विनामूल्य द्यायची, असं कायदा सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०४ आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की आरोपीने मागितल्यास, शक्य असेल तर, त्याला त्याच्या भाषेत भाषांतर द्यायचं.

मराठी माणसासाठी हे शेवटचं वाक्य मोलाचं आहे. बेंगळुरूच्या न्यायालयात निकाल इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो आणि साक्षी बहुधा कन्नडमध्ये नोंदलेल्या असतात. दोन-अडीच वर्षं तारखांना उभं राहूनही आपल्याविरुद्ध कोण नेमकं काय बोललं, हे संतोषसारख्याला कळलेलं नसतं. भाषांतर मागायचं असेल तर लेखी मागा. पण ते हातात येईपर्यंत अपील थांबवू नका. मराठी वाचणारा किंवा हिंदी चांगलं जाणणारा पीएलव्ही केंद्रात आहे का ते विचारा आणि निकालाचा शेवटचा भाग तोंडी समजून घ्या. कोणत्या कलमाखाली दोषी धरलं, कोणत्यातून सोडलं, कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, एवढं पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या केंद्रांचं काम नीट चालावं म्हणून अनेक निर्देश दिले. त्यात एक सूचना साधी आणि नेमकी आहे. शिक्षेच्या निकालाला वर एक पान जोडावं आणि वरच्या न्यायालयात जायला मोफत वकील मिळतो हे, तसंच संबंधित समितीचा पत्ता आणि फोन, त्यावर छापावा, याचा उच्च न्यायालयांनी विचार करावा. तुमच्या प्रतीवर असं पान असेल तर ते फाडून टाकू नका. नसेल तरी हक्क तोच आहे.

दोन वाटा

अपील दोन वाटांनी जातं. पहिली वाट थेट तुरुंगातून. नव्या संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे, म्हणजे जुन्या ३८३ प्रमाणे, कैद्याने अपिलाचा कागद आणि निकालाची प्रत तुरुंगाधिकाऱ्याकडे दिली की ती योग्य न्यायालयात पाठवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. याला जेल अपील म्हणतात. दुसरी वाट विधी सेवा समितीची. केंद्रात मोफत वकिलासाठी अर्ज भरायचा. तो जिल्हा प्राधिकरणामार्फत उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे जातो, समिती तिच्या यादीतला वकील नेमते आणि तो वकील रीतसर अपील दाखल करतो.

हाताशी वेळ असेल तर दुसरी वाट धरा, कारण तिथे मुद्दे वकील लिहितो. मुदतीचे दहा-बारा दिवसच उरले असतील आणि वकिलाचं नाव अजून कळलेलं नसेल, तर जेल अपील देऊन टाका. कायद्याने त्याला थोडं संरक्षण दिलेलं आहे. साध्या अपिलाची मुदत संपेपर्यंत जेल अपील सरसकट फेटाळता येत नाही. ते फालतू असेल किंवा कैद्याला हजर करणं अवाजवी अडचणीचं असेल, एवढे अपवाद सोडले तर त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवायही ते असं फेटाळता येत नाही.

दोन्ही वाटांनी कागद गेले असतील, किंवा गावाकडून भावाने खासगी वकीलही लावला असेल, तर ते तिन्ही ठिकाणी सांगा. एकाच निकालावर दोन अपिलं दाखल झाली की ती एकत्र करण्यातच तारखा जातात. घरचा वकील लावला म्हणून केंद्रात ‘गरज नाही’ लिहून दिलं आणि पुढे त्या वकिलाने फीसाठी काम थांबवलं, असंही होतं. त्या वेळी पुन्हा केंद्रात जाऊन नवा अर्ज देता येतो. आधी नको म्हटलं म्हणून हक्क जात नाही.

स्वयंसेवकाला काय सांगायचं

केंद्राच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग इथे आहे. कैद्याने सांगायचं आणि पीएलव्हीने लिहून घ्यायचं. या टिपणावरून वकील पहिल्यांदा खटला समजून घेतो. बहुतेक टिपणं अशी असतात: ‘मी गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे, माझ्या हातून चूक झाली, दया करून सोडावं.’ आईची अडचण शिक्षा कमी करण्याच्या मुद्द्यात कामाला येते, दोष सिद्ध झाला की नाही या प्रश्नात नाही. आणि ‘चूक झाली’ हे दोन शब्द जेल अपिलात गेले, तर सरकारी वकील त्यांवरच बोट ठेवेल. अपील म्हणजे दयेचा अर्ज नव्हे. खालच्या न्यायालयाचं कुठे चुकलं ते त्यात सांगायचं असतं.

संतोषने काय सांगावं ते पाहा. खोलीतल्या ज्या दोघांना पोलिसांनी प्रत्यक्षदर्शी म्हणून उभं केलं, त्यातला एक न्यायालयात फितूर झाला. दुसऱ्याने उलटतपासात कबूल केलं की जिन्यावर दिवा नव्हता. लोखंडी रॉड जप्त केल्याचा पंच म्हणाला, मी सही पोलिस ठाण्यात केली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी डोक्याला एकच जखम सांगितली आणि ती पडण्यानेही होऊ शकते असं मान्य केलं. निकालात या शेवटच्या वाक्याचा उल्लेखच नाही. ही चार वाक्यं वकिलाला नेमकं कोणतं पान उघडायचं ते सांगतात. न्यायाधीशांनी कोणता पुरावा मानला आणि कोणता बघितलाच नाही, इथूनच अपिलाचे मुद्दे निघतात.

आणखी एक गोष्ट टिपणात हवीच. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. जुन्या संहितेत तो ३१३ चा जबाब, नव्या संहितेत ३५१ चा. तिथे आपण काय उत्तर दिलं ते आठवून सांगा. समजा संतोष तेव्हा घाबरून म्हणाला की ‘मी त्या रात्री खोलीवर नव्हतोच’, आणि आता सांगतो आहे की झटापटीत धक्का लागला. वकिलाला ही विसंगती आधी कळली पाहिजे, सुनावणीच्या दिवशी न्यायमूर्तींच्या तोंडून नव्हे. टिपण कन्नडमध्ये लिहिलं जात असेल तर सही करण्याआधी ते आपल्याला कळेल असं तोंडी वाचून दाखवायला सांगा. ‘धक्का लागला’ आणि ‘धक्का दिला’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे, आणि संतोषचा सगळा खटला त्या एका क्रियापदावर उभा आहे.

अपील करायला माणसं आणखी एका भीतीने कचरतात: वर गेलो तर शिक्षा वाढेल. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, बदलू शकतं, वाढवू शकत नाही. वाढ हवी असेल तर सरकारने वेगळी दाद मागावी लागते आणि आरोपीला त्यावर बोलू द्यावं लागतं. होसकोटांची शिक्षा उच्च न्यायालयात वाढली, ती सरकारने तशी दाद मागितली होती म्हणून. संतोषच्या बाबतीतही खुनाच्या आरोपातून सुटका झाली याविरुद्ध सरकार अपील करू शकतं. पण ते त्याने अपील केलं म्हणून होत नाही आणि त्याने केलं नाही म्हणून टळतही नाही. सरकारची नोटीस तुरुंगात आली तर ती त्याच दिवशी केंद्रात दाखवा.

गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर मात्र अपिलाची वाट अरुंद आहे. तिथे एरवी फक्त शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढंच बघितलं जातं. खटला लवकर संपेल म्हणून कबुली देणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

शिक्षा स्थगितीचा अर्ज वेगळा असतो

अपील दाखल झालं म्हणजे माणूस सुटतो असं नाही. उच्च न्यायालयात अंतिम सुनावणीला वर्षं लागू शकतात. सात वर्षांच्या शिक्षेचं अपील सहाव्या वर्षी ऐकलं गेलं, तर जिंकून काय मिळणार? म्हणून अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. जुन्या संहितेत हे कलम ३८९, नव्यात ४३०. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकलं जाणार नसेल, तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई खटल्यात सांगितलं आहे. संतोषच्या वकिलासाठी हा निकाल अगदी हाताशी आहे. जन्मठेपेत मात्र हेच काम बरंच अवघड जातं.

या अर्जाला तुरुंगातून एक कागद लागतो. आजवर किती दिवस आत काढले, वर्तणूक कशी, आणखी कोणते खटले आहेत, हे सांगणारा नॉमिनल रोल. संतोषची खटल्याआधीची दोन वर्षं पाच महिने शिक्षेतून वजा होतात, म्हणजे भोगायची उरली चार वर्षं सात महिने. हा हिशेब नॉमिनल रोलमध्ये बरोबर आला आहे ना, ते कैदी स्वयंसेवकाने बघायचं. तो त्याच कार्यालयाजवळ असतो.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि खटल्यात आरोपी जामिनावर असेल, तर अपील करणार आहे असं सांगितल्यावर शिक्षा देणारं न्यायालयच, नकार देण्यासारखं खास कारण नसेल तर, अपिलापुरता जामीन देतं. हे त्याच दिवशी, त्याच दालनात मागायचं असतं. तुरुंगात आल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो.

गाडी कुठे अडते

वकील नेमला गेला, तरी कैद्याला त्याचं नाव माहीत नाही, हा सगळ्यात नेहमीचा दोष. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो, अधीक्षकांचा शिक्का बसतो आणि कागद निघून जातो. सही करताना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: वकिलाचं नाव, त्याचा फोन आणि अर्जाचा नोंदवहीतला क्रमांक. पंधरा दिवसांत वकिलाशी एकदाही बोलणं झालं नाही, तर केंद्रामार्फत व्हिडिओवर भेट मागा.

दुसरा दोष तुरुंग बदलताना होतो. कैदी परप्पन अग्रहारातून दुसऱ्या कारागृहात हलवला जातो आणि त्याची फाइल मागे राहते. बदली कळताच नव्या तुरुंगाच्या केंद्रात जुना नोंद क्रमांक द्या आणि वकिलालाही कळवा.

तिसरा दोष पैशाचा. विधी सेवा समितीचा वकील कैद्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून एक पैसाही घेऊ शकत नाही. ‘झेरॉक्सचे’ किंवा ‘क्लार्कचे’ म्हणूनही नाही. मागितले तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा राज्य प्राधिकरणाच्या सदस्य-सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि दुसरा वकील मागा. कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बेंगळुरूत एच. सिद्दय्या रोडवर ‘न्याय देगुल’ या इमारतीत आहे.

घरच्यांनी काय करायचं

जतहून बेंगळुरू गाठणं म्हणजे एक रात्रीचा प्रवास आणि एका मजुरीवर पाणी. प्रत्येक कामासाठी जायची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवेचं कार्यालय असतं. तिथे अर्ज दिला तर तो बेंगळुरूला पाठवता येतो. १५१०० हा विधी सेवेचा फोन क्रमांक देशभर चालतो. मुलाखतीला जाल तेव्हा निकालाची प्रत, आरोपपत्र आणि साक्षींच्या नकला यांतलं जे घरी असेल त्याची झेरॉक्स न्या. कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख एका कागदावर स्वच्छ लिहून जवळ ठेवा.

अपील दाखल झालं की त्याला क्रमांक मिळतो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटल्याच्या प्रकारात CRL.A निवडून क्रमांक आणि वर्ष टाकलं की पुढची तारीख दिसते. मोबाइल वापरणारं घरातलं एखादं पोर हे करू शकतं. ती तारीख पत्राने किंवा फोनवर आत कळवा, कारण आतल्या माणसाला ती बऱ्याचदा सगळ्यात शेवटी कळते.

यातलं एकच काम आज करायचं असेल, तर आत असलेल्या माणसाला एवढं विचारा: निकालाची प्रत हातात आली का, आणि कोणत्या तारखेला? उत्तर ‘नाही’ असेल, तर उद्या केंद्रात लेखी अर्ज द्यायला सांगा आणि त्यावर शिक्का घ्यायला सांगा. होसकोटांच्या वेळी निकालाच्या प्रतीची पोचच नव्हती.